शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची प्रार्थना

मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्ण जी प्रार्थना करतो, तिला रोजच्या पूजेची, नमाजाची किंवा प्रार्थनासभेची चौकट नसते. ती रुग्णालयाच्या खाटेवर, बहुधा रात्री नऊ ते साडेदहाच्या दरम्यान होते. तोपर्यंत दिवसभराची कामे उरकलेली असतात. संमतीपत्रावर सही झालेली असते, भूलतज्ज्ञ येऊन छाती तपासून आणि जुन्या आजारांची चौकशी करून गेलेले असतात. बायपासचा रुग्ण असेल तर छातीवरचे आणि पायावरचे केस काढलेले असतात, जंतुनाशक साबणाने आंघोळ झालेली असते. बांगड्या, मंगळसूत्र, अंगठी रुमालात बांधून नातेवाइकाच्या हाती दिलेली असते. कवळी आणि चष्मा सकाळी काढायचा असतो. मग दिवे मंद होतात, भेटायला आलेली माणसे निघून जातात आणि पुढचे आठ-नऊ तास रुग्णाकडे करण्यासारखे काहीच उरत नाही. प्रार्थनेची जागा या रिकाम्या तासांत आहे.

प्रार्थनेआधी एक काम मात्र व्हायला हवे: मनातले प्रश्न ज्याला विचारायचे त्याला विचारून मोकळे होणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाची शस्त्रक्रिया होणार असलेल्या ९७ रुग्णांपैकी काहींना आदल्या दिवशी सविस्तर सांगितले गेले की नंतर दुखेल कुठे, का दुखेल, आणि कुशीवर वळताना व श्वास घेताना काय केले तर कमी दुखेल. बाकीच्यांना नेहमीपेक्षा जास्त काही सांगितले नाही. माहिती मिळालेल्या रुग्णांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते घरीही लवकर गेले. भीतीचा एक मोठा भाग माहीत नसण्यातून येतो, आणि तो भाग माहितीनेच जातो. ‘भूल अर्ध्यात उतरली तर?’ हा प्रश्न भूलतज्ज्ञाचा आहे. तो देवापुढे रात्रभर घोळवण्यापेक्षा संध्याकाळी पाच मिनिटांत विचारून टाकावा. प्रश्न संपल्यावर जे उरते, ज्याला कोणाही डॉक्टरकडे उत्तर नसते, त्यासाठी प्रार्थना असते.

रुग्णालयाच्या एकाच दालनात वेगवेगळ्या धर्मांची माणसे शेजारी-शेजारी झोपलेली असतात आणि प्रत्येकाच्या परंपरेत आजारपणातल्या प्रार्थनेची काही सोय आहे. उभे राहता येत नसेल तर मुस्लिम रुग्ण बसून किंवा पडल्या-पडल्या नमाज अदा करू शकतो, आणि पाणी वापरता येत नसेल तेव्हा वजूऐवजी तयम्मुमची मुभा आहे. कॅथलिक रुग्णाला धर्मगुरूंकडून तेलाचा अभ्यंगसंस्कार मागता येतो. हा संस्कार पूर्वी मरणासन्न माणसापुरता समजला जाई, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचे स्वरूप बदलले, आणि गंभीर आजारामुळे होणाऱ्या शस्त्रक्रियेआधीही तो देता येतो. जैनांच्या णमोकार मंत्रात स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही. तो केवळ वंदनाचा आहे. बौद्ध रुग्णासमोर जगाचा कर्ता असा देव नाही, पण सर्व प्राण्यांच्या सुखाची इच्छा करणारी मैत्रीभावना आहे. वारकरी घरातला माणूस नामस्मरण करील, आणि ज्ञानेश्वरांचे पसायदान तर मागणे असूनही एकट्याच्या कल्याणावर थांबत नाही.

या सगळ्यांना एका मजकुरात आणायचे तर कोणाच्याही धर्मातले शब्द पातळ करून उपयोग नाही. संबोधनाची जागा मोकळी ठेवावी हे बरे. तिथे रुग्णाने आपले नाव घालावे, आणि ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याने एक श्वास घ्यावा. पुढची वाक्ये ‘राहो’, ‘मिळो’ अशी ठेवली की ऐकणारा कोण हे न सांगताही मागणे पुरे होते. अशी एक प्रार्थना पुढीलप्रमाणे होईल. ती पुरुषाच्या तोंडी लिहिली आहे. स्त्रीने क्रियापदे बदलून घ्यावीत.

(आपल्या देवाचे नाव, किंवा एक शांत श्वास)
आजचा दिवस सरला. आता मी थांबतो.
मला भीती वाटते आहे. ती मी लपवत नाही.
हे शरीर इतकी वर्षे माझ्यासाठी राबले.
उद्या ते मी जाणत्या हातांवर सोपवतो.
ते हात स्थिर राहोत, ते डोळे सावध राहोत.
ज्याचे रक्त मला मिळेल, त्याचे भले होवो.
बाहेर थांबलेल्या माझ्या माणसांना धीर मिळो.
मनात जी अढी आहे, ती आजच्या रात्रीपुरती बाजूला ठेवतो.
मी बरा होऊन घरी जावे, एवढी माझी इच्छा आहे.
काहीही झाले तरी मी एकटा नाही.
शेजारच्या खाटेवरही आज झोप येवो.
मलाही झोप येवो.

यातले दुसरे वाक्य भीतीचे आहे आणि ते इतक्या लवकर येते ते मुद्दाम. शांत प्रार्थना म्हणजे भीती नसलेली प्रार्थना असा समज असतो. त्यामुळे रुग्ण आधी स्वतःला धीट ठरवतो आणि मग प्रार्थनेला बसतो. दाबलेली भीती दिवे मालवल्यावर वर येतेच, आणि तेव्हा आपली प्रार्थना खोटी ठरली असे त्याला वाटू लागते. भीती पहिल्याच टप्प्यावर सांगून टाकली की तिला पुन्हा डोके वर काढण्याचे फारसे कारण राहत नाही. म्हणून हे वाक्य गाळू नये, अगदी धीराच्या माणसानेही.

शरीराबद्दलचे वाक्य अनेकांना अनोळखी वाटते. आजारी माणूस शरीरावर चिडलेला असतो: याच हृदयाने दगा दिला, याच गुडघ्यांनी घरात बसवले. उद्या सकाळी हेच शरीर उघडले जाणार आहे, आणि नंतर अनेक आठवडे त्याच्याच कलाने घ्यावे लागणार आहे. बायपासमध्ये तर ते स्वतःचाच एक भाग देते. छातीच्या आतली धमनी किंवा पायातली शीर काढून ती हृदयावर जोडली जाते आणि अडलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला वाट मिळते. म्हणून शरीराच्या कष्टांची आठवण आधी आणि ते दुसऱ्यांवर सोपवणे नंतर, हा क्रम इथे ठेवला आहे.

‘जाणत्या हातांवर सोपवतो’ हे वाक्य प्रार्थनेचा कणा आहे. शस्त्रक्रियागृहात शल्यविशारद एकटे नसतात. भूलतज्ज्ञ असतात, हत्यारे हाती देणारी परिचारिका असते, हार्ट-लंग मशीन वापरले तर ते चालवणारा तंत्रज्ञ असतो, खाट ढकलत नेणारा वॉर्डबॉय असतो. रक्तपेढीत कोणा अनोळखी माणसाने दिलेली पिशवी असते. रुग्ण यांतल्या बहुतेकांना कधीच भेटत नाही, भेटला तरी भुलीच्या धुंदीत. त्यांच्यासाठी मागितले की मनातले चित्र पालटते. टेबलावर पडलेल्या एकट्या देहाच्या जागी एक काम करणारा गट दिसू लागतो.

अशा सोपवण्याचे एक ठळक उदाहरण पुण्यातले आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ते येरवड्याच्या तुरुंगातले कैदी होते आणि शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे त्याच सरकारचे डॉक्टर होते, ज्या सरकारशी गांधीजींचा लढा चालला होता. शस्त्रक्रियेपूर्वी श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत गांधीजींनी एका निवेदनावर सही केली. त्यात आपली नीट काळजी घेतली गेल्याचे आणि डॉक्टरांवर विश्वास असल्याचे नमूद होते. शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ते निवेदन प्रार्थना नव्हते, पण आदल्या रात्रीच्या प्रार्थनेत जे सोपवणे असते त्याची जात हीच: मतभेद तसेच राहू देऊन समोरच्याच्या कौशल्यावर आणि सचोटीवर भार टाकणे.

आशेचे वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त जपावे लागते. ‘मी नक्की बरा होणारच’ हे ऐकायला जोरकस वाटते. पण रुग्णाने दुपारीच संमतीपत्रावर धोक्यांची यादी वाचलेली असते. रात्री दोनला जाग आल्यावर ती यादी आठवते आणि त्या ‘नक्की’ला तडा जातो. ‘मी बरा होऊन घरी जावे, एवढी माझी इच्छा आहे’ या वाक्याला असा तडा जात नाही, कारण इच्छा खरीच असते आणि कुठलीही आकडेवारी ती खोटी पाडू शकत नाही. त्याच कारणाने प्रार्थनेत घड्याळाची वेळ घालू नये. रुग्णाला अचानक ताप येणे, खोकला वाढणे, रक्ताची सोय न होणे किंवा एखादा तातडीचा रुग्ण मध्ये येणे, यांपैकी कशानेही ऐन सकाळी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. ‘उद्या आठ वाजता सगळे पार पडो’ अशी प्रार्थना केलेल्याला तो अपशकुन वाटतो. वरच्या मजकुरात ‘उद्या’ एकदाच येते. तारीख पुढे गेली तर त्या जागी दुसरा दिवस ठेवून तीच प्रार्थना पुन्हा म्हणता येते.

अढीचे वाक्यही जपून लिहिले आहे. मृत्यूची शक्यता दिसली की माणसाला सगळ्यांना माफ करून मोकळे व्हावेसे वाटते, आणि काहींना ते खरोखर जमतेही. पण वीस वर्षांपूर्वी भावाने जमिनीत केलेला दगाफटका रात्री दहा वाजता पुसला जाईलच असे नाही. न जमलेली क्षमा प्रार्थनेत जाहीर केली की ती टोचत राहते. ‘आजच्या रात्रीपुरती बाजूला ठेवतो’ एवढे बहुतेकांना पेलवते.

ही वाक्ये आखूड ठेवण्यामागे श्वासाचे कारण आहे. इटलीतल्या पाव्हिया येथे लुचिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास व रक्तदाब मोजला. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. दोन वेगळ्या धर्मांतल्या या दोन्ही पठणांनी श्वास मिनिटाला जवळपास सहावर आला. या गतीला श्वास आणि रक्तदाबाची नैसर्गिक लय जुळते आणि हृदयाच्या ठोक्यांवरचे नियंत्रण सुधारते असे त्यांना दिसले. मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. वरचे एक वाक्य सावकाश म्हटले तर चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यात श्वास बाहेर जातो आणि उरलेल्या वेळात नवा श्वास आत येतो. संपूर्ण प्रार्थनेला दोन-सव्वादोन मिनिटे पुरतात, आणि ती तीन-चारदा म्हणायला हरकत नाही. श्वास रोखून धरायचा नाही. ज्याला पडल्यावर धाप लागते त्याने उशीला टेकून बसावे आणि आपल्याला झेपेल त्या श्वासात म्हणावे. म्हणता-म्हणता छातीत दुखू लागले किंवा धाप वाढली तर प्रार्थना तिथेच सोडून खाटेजवळची घंटा दाबावी.

प्रार्थनेने शस्त्रक्रियेचा निकाल बदलतो का, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याची सर्वांत मोठी तपासणी बायपासच्याच रुग्णांवर झाली. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील सहा रुग्णालयांतल्या १,८०२ रुग्णांचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रार्थना अनोळखी भाविक करत होते. आपल्यासाठी प्रार्थना होत असेल किंवा नसेल, एवढेच ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, म्हणजे फरक पडला नाही. ज्यांना आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे कळवले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघाले. त्याचे कारण सिद्ध झालेले नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना करवावी लागते आहे, म्हणजे माझी अवस्था इतकी वाईट आहे का?’ हा ताण आला असेल, अशी एक शक्यता अभ्यासकांनीच सुचवली.

हा अभ्यास दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचा होता. रुग्ण स्वतः शांतपणे दोन मिनिटे बसतो त्याच्याबद्दल तो काही सांगत नाही. तरी त्यातून नातेवाइकांनी एक गोष्ट घ्यावी. गावात अभिषेक ठेवला आहे, दर्ग्यावर चादर कबूल केली आहे, चर्चमध्ये खास मिस्सा आहे हे सगळे प्रेमाने केलेले असते. पण रात्री आठ वाजता पंधरा जणांनी खाटेभोवती उभे राहून डोळे पुसत ते सांगितले की रुग्णाच्या कानावर फक्त काळजी पडते. एकाच जवळच्या माणसाने थांबावे, हवे तर हात धरून रुग्णाबरोबर तीच वाक्ये म्हणावीत आणि दिवे मंद व्हायच्या आत निघावे. रुग्णाला वाचता येत नसेल किंवा चष्म्याविना अक्षर लागत नसेल तर मुलीने किंवा नातवाने आपल्या आवाजात ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी.

काही वेळा प्रार्थना उलटी फिरते, आणि ते ओळखता यायला हवे. मागण्याच्या जागी हिशोब सुरू होतो: मी कोणाचे काय वाईट केले म्हणून हे माझ्या वाट्याला आले, देव मला शिक्षा करतो आहे, देवाने मला टाकले. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णालयीन रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. अशा भावनेत अडकलेल्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आजाराची तीव्रता वगैरे लक्षात घेऊनही. ही वाक्ये रुग्णाच्या तोंडून वारंवार येऊ लागली, झोप पूर्ण उडाली, किंवा ‘मी उद्या जाणारच’ असे तो ठामपणे म्हणू लागला तर ‘असे बोलू नये’ म्हणून त्याला गप्प करू नये. परिचारिकेला आणि डॉक्टरांना ते सांगावे. झोपेची हलकी गोळी द्यायची का, समुपदेशकाला किंवा त्याच्या धर्माच्या जाणत्या माणसाला बोलवायचे का, हे त्यांना ठरवता येते.

प्रार्थनेबरोबर येणाऱ्या वस्तूंचाही विचार आदल्या रात्रीच करावा. साधारण नियम असा की भूल देण्याआधी किमान सहा तास अन्न आणि दूध बंद, जड जेवण त्याहूनही आधी बंद, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. मात्र अनेक रुग्णालये मध्यरात्रीपासून सगळेच बंद करतात, आणि तिथे त्यांचेच ऐकावे. पंचामृतात दूध-दही असते, त्यामुळे सकाळचा एक चमचा तीर्थही अन्नात मोजला जातो. पोटात काही असेल तर भुलीत ते उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि हे ऐनवेळी कळले तर शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. ‘उपाशी राहा’ असे सांगितल्यावर उपवासाला चालते म्हणून पहाटे साबुदाण्याची खिचडी खाल्ली, असेही होते. व्रत म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची ते भूलतज्ज्ञ सांगतात. धातूचा ताईत, क्रूस किंवा कडे शस्त्रक्रियागृहात नेता येत नाही, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणाने तिथे भाजण्याची भीती असते. कापडी धाग्याबद्दल परिचारिकेला विचारावे. काढावे लागलेले सगळे ज्याच्या हाती द्यायचे त्याचे नाव आदल्या रात्रीच ठरवावे. ज्या खोलीत प्राणवायू चालू आहे तिथे उदबत्ती, मेणबत्ती किंवा निरांजन मुळीच लावू नये.

सकाळी वेळ फार थोडा असतो. अंगात हिरवा गाऊन येतो, मनगटावरच्या पट्टीवरचे नाव पुन्हा पुन्हा विचारले जाते, शस्त्रक्रिया कशाची आणि कोणत्या बाजूची तेही विचारतात. ही पडताळणी आहे. आपली माहिती कोणालाच नाही असे समजून घाबरायचे कारण नाही. ट्रॉलीवरून जाताना पूर्ण प्रार्थना होत नाही, म्हणून तिच्यातले एकच वाक्य आधी निवडून ठेवावे. बायपासच्या रुग्णाला त्याचा दुसरा उपयोगही आहे. शुद्ध येते तेव्हा तो अतिदक्षता विभागात असतो, श्वासाची नळी बहुधा अजून घशात असते आणि ती असेपर्यंत बोलता येत नाही. नळ्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून हातही कधी सैलसर बांधलेले असतात. हे आदल्या दिवशी माहीत नसेल तर तो क्षण फार घाबरवतो. माहीत असेल आणि मनात म्हणायला सहा शब्दांचे वाक्य तयार असेल, जसे ‘काहीही झाले तरी मी एकटा नाही’, तर यंत्राशी न झगडता पडून राहणे सोपे जाते. नळी काढल्यानंतर फिजिओथेरपिस्ट तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र हातात देतात. त्यात फुंकायचे नसते, तर श्वास सावकाश आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. आदल्या रात्री संथ श्वासात प्रार्थना म्हटलेल्या रुग्णाला या संथपणाची थोडी ओळख आधीच झालेली असते, फक्त आता छातीच्या टाक्यांवर उशी दाबून धरावी लागते.